एकशे साठ प्रश्नांची वही आणि तक्ता ४.६

पत्र

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात राहतो. वय ३९. तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवतो आणि घरची सहा एकर पऱ्हाटी पाहतो. कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीसाठी शेतकरी कामगंध सापळ्यांचा अवलंब कितपत करतात, या विषयावर माझा मराठीतला पीएचडीचा प्रबंध सादर झाला आहे. व्हायव्हा तीन आठवड्यांवर आली. एका सीनिअरने १६० प्रश्नोत्तरांची वही दिली आहे. रोज रात्री पाठ करतो, सकाळी अर्धं विसरतो. परीक्षक बाहेरच्या विद्यापीठातले आहेत, काय विचारतील सांगता येत नाही. माझं बोलणं वऱ्हाडी, सभागृहात शुद्ध बोलायला गेलो की अडखळतो. माझी स्वतःची प्रश्नांची यादी कशी करू? उत्तरं किती लांब असावीत? सोबत गोषवारा आणि सगळा प्रबंध पाठवतोय.

उत्तर

ती वही आधी बाजूला ठेवा. मी हे तुमचा प्रबंध वाचून सांगतेय. वहीतले प्रश्न तुम्ही पत्राच्या मागच्या पानावर उतरवून पाठवलेत ते बरं झालं. ‘संशोधन म्हणजे काय’, ‘गृहीतकाचे प्रकार सांगा’, ‘प्राथमिक आणि दुय्यम सामग्रीतला फरक’ हे प्रश्न पीएचडी प्रवेशाच्या पेट परीक्षेचे आहेत. तीनशे पानांचा प्रबंध वाचून आलेला माणूस ते सहसा विचारत नाही, आणि विचारलेच तर तुम्ही दहा वर्षं वर्गात तेच शिकवताय.

काय विचारतील ते सांगता येत नाही, असं तुम्ही म्हणता. मला ते पटत नाही. तुमचा प्रबंध मार्गदर्शकांखेरीज किमान दोन बहिःस्थ परीक्षकांनी वाचून त्यावर लेखी अहवाल दिले आहेत, आणि त्यांतलाच किमान एक जण समोर बसणार आहे. २०२२ च्या यूजीसी नियमांत हा क्रम आहे. आधीच्या, २०१६ च्या नियमांतही मौखिक परीक्षा इतर गोष्टींबरोबर अहवालातल्या टिपणांवर घ्यायची असंच म्हटलं होतं. म्हणजे विचारणाऱ्याने निदान काही प्रश्न आधीच कागदावर लिहून दिलेत. उद्या सकाळी मार्गदर्शकांना फोन करून दोन्ही अहवाल मागा. विद्यापीठाकडून ते मिळाले नसतील तर संशोधन विभागात चौकशी करा. परीक्षकाचं नाव झाकून प्रत द्यायची पद्धत असेल तरी चालेल, आपल्याला मजकूर हवा आहे. त्यात ‘नमुना निवडीचे अधिक स्पष्टीकरण अपेक्षित होते’ असं एक सौम्य वाक्य असेल तर तो तुमचा पहिला प्रश्न. अहवालातली वाक्यं मऊ असतात, समोर बसल्यावर तोच माणूस नेमकं विचारतो. म्हणून ते वाक्य यादीत उतरवताना कडक करून लिहा: ‘हीच १२ गावं का घेतली?’

बाकीचे प्रश्न प्रबंधातून काढायचे. पेन्सिल घ्या आणि प्रबंध पहिल्या पानापासून वाचा, पण काय लिहिलंय ते वाचू नका. तुम्ही कुठे काहीतरी निवडलंत, तिथे थांबा. हा तालुका घेतला, तो सोडला. शेतकऱ्याची व्याख्या सातबाऱ्यावरून केली, कसणाऱ्यावरून नाही. एकाच हंगामाची माहिती घेतली. काय-वर्ग चाचणी लावली. अशा प्रत्येक जागी समासात फुली मारा. प्रत्येक फुलीमागे एकच प्रश्न असतो: हेच का, दुसरं का नाही? पहिल्या वाचनात चाळीसेक फुल्या पडतील. ज्यांचं उत्तर बदललं तर तुमचा निष्कर्षही बदलेल, तेवढ्याच ठेवा. वीस-पंचवीस उरतील. तीन आठवड्यांना ते भरपूर झाले.

तुमच्या प्रबंधातली सगळ्यात मोठी फुली मी इथेच मारते, म्हणजे उत्तर कसं बांधायचं तेही दिसेल.

तुम्ही २४० शेतकऱ्यांना विचारलंत. शेतात एक तरी सापळा लावला होता असे १५२ निघाले. पण तक्ता ४.६ मध्ये ‘अवलंब करणारे’ म्हणून तुम्ही फक्त ८७ मोजलेत. बाहेरचा माणूस तक्ता पाहून पहिल्यांदा हेच विचारेल: ‘१५२ जणांनी सापळे लावले असताना तुम्ही ८७ च कसे म्हणता? हे आकडे मुद्दाम कमी दाखवणं नाही का?’

हा प्रश्न तुमच्या व्हायव्हाचा कणा आहे. अर्धा प्रबंध या एका व्याख्येवर उभा आहे आणि तुमच्याकडे त्याचं फार चांगलं उत्तर आहे. पण पत्राच्या मागच्या पानावर तुम्ही मला ते असं लिहून पाठवलंत: ‘अवलंब ही एक बहुआयामी प्रक्रिया असून विविध अभ्यासकांनी तिच्या विविध व्याख्या केलेल्या आहेत.’ अहो, हे उत्तर नाही, ही प्रस्तावना झाली. परीक्षकाला इतर अभ्यासकांचं ऐकायचं नाहीये, तुम्ही असं का केलंत ते ऐकायचंय.

तुमच्याच पान ६१ वर तीन अटी आहेत: एकरी निदान दोन सापळे, हंगामात निदान एकदा ल्यूर, म्हणजे सापळ्यातली गंधाची गोळी, बदलणं, आणि आठवड्यातून निदान एकदा पतंग मोजणं. पान ११८ वर त्यांची उतरंड आहे. १५२ पैकी पुरेसे सापळे १३१ जणांचे, त्यातले ल्यूर बदलणारे ११२, आणि त्यातलेही पतंग मोजणारे ८७. तिसरी अट सर्वांत जास्त माणसं गाळते, म्हणून परीक्षकाचं बोट तिथेच पडणार. ती अट का, याचं कारण तुम्हाला शेतकरी म्हणून ठाऊक आहे, पण प्रबंधात ते दुसऱ्या प्रकरणात पुरलं गेलंय. हेक्टरी पाच या प्रमाणात लावलेला सापळा अळी मारायला नसतो. त्यात फक्त नर पतंग येतात. तो लावायचा कीड किती आली ते कळायला, आणि सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग दिसले की फवारणीचा निर्णय घ्यायला. मोजणीच नसेल तर दोरीला टांगलेलं ते पिवळं नरसाळं शेतात असून नसल्यासारखं. एका शेतकऱ्याचं वाक्य तुम्ही पान १२१ वर दिलंय: ‘सापळा तं लावला जी, पण त्यात पाह्यते कोण?’ तुमची व्याख्या या माणसाने तुमच्यापेक्षा नीट सांगितली आहे.

आता हे सगळं पाच वाक्यांत आणा. मी असं लिहीन:

> ‘लावणारे १५२ आहेत हे मी लपवलेलं नाही, पान ११८ वर दिलं आहे. पण शिफारशीत सापळा आहे तो पतंग मोजून फवारणी ठरवण्यासाठी, म्हणून न मोजणाऱ्याला मी अवलंब करणारा धरलं नाही. अटी पान ६१ वर आहेत. या व्याख्येने ८७, म्हणजे ३६.२५ टक्के. मोजणी शेतकऱ्याने सांगितली तशी घेतली, मी शेतात जाऊन पडताळली नाही, त्यामुळे खरा आकडा याहून कमी असू शकतो.’

एवढंच. पहिल्याच वाक्यात सरळ उत्तर, मग कारण, मग आकडा पानासकट, आणि शेवटी उत्तराची मर्यादा. मोठ्याने वाचून पाहा, अर्ध्या-पाऊण मिनिटात संपतं. लांबी किती, याचं माझं उत्तर हेच. परीक्षकाला आणखी हवं असेल तर तो विचारतो. आपणच तीन मिनिटं बोलत राहिलो की त्या बोलण्यातून त्याला दोन नवे प्रश्न मिळतात. आणि मर्यादा आपणहून सांगितली की त्याचा पुढचा प्रश्न बहुधा मिटतो. बहुतेक उमेदवार नेमकं तेच शेवटचं वाक्य गिळतात.

उत्तर प्रबंधातूनच काढायचं हा माझा हट्ट का, ते सांगते. माझ्या व्हायव्हाच्या आदल्या रात्री मी एक ताजा लेख वाचला होता. दुसऱ्या दिवशी सावकारी कर्जाच्या प्रमाणाबद्दल प्रश्न आला आणि मी त्या लेखातला आकडा ठणकावून सांगितला. परीक्षकांनी काही न बोलता माझा प्रबंध उघडला आणि माझं पान माझ्यासमोर ठेवलं. तिथे वेगळाच आकडा होता, आणि माझ्या प्रबंधाच्या दृष्टीने तोच बरोबर होता. पुढची दहा मिनिटं मी स्वतःशीच भांडत होते. म्हणून यादीतल्या प्रत्येक उत्तराशेजारी पान क्रमांक हवाच. पान सापडत नसेल तर त्या उत्तराला लाल खूण करा: हे प्रबंधात नाही.

लाल खुणेचे प्रश्न कसे हाताळायचे, तेही तुमच्याच प्रबंधावर पाहू. तिसऱ्या प्रकरणात नमुना किती घ्यायचा ते तुम्ही पाच टक्के चूक चालेल असं धरून यामाने यांच्या सूत्राने काढलंत:

```
n = N / (1 + N × e²) = 600 / (1 + 600 × 0.05²) = 240
```

गणित बरोबर आहे. पण हे ६०० कोण? तुम्ही निवडलेल्या १२ गावांतल्या याद्यांवरचे कापूस उत्पादक. शीर्षकात मात्र ‘यवतमाळ जिल्हा’ आहे. संख्याशास्त्र जाणणारा परीक्षक असेल तर म्हणेल, ‘तुमचं सूत्र १२ गावांपुरतं बोलतं, प्रबंध जिल्ह्याबद्दल बोलतो. मधलं अंतर कसं भरलंत?’ त्यातच दुसरी मेख आहे. हे सूत्र सगळ्या यादीतून चिठ्ठ्या टाकून माणसं उचलली असं धरून चालतं. तुम्ही आधी गावं निवडली, मग प्रत्येक गावातून २० शेतकरी. एकाच गावातले वीस जण एकाच कृषी सहायकाचं ऐकतात, एकाच कृषी केंद्रातून औषध घेतात, एकमेकांचं पाहून करतात. त्यामुळे वीस उत्तरांत वीस उत्तरांइतकी नवी माहिती नसते. हे साम्य किती, त्यावर नमुन्याची खरी ताकद ठरते. त्याचा हिशेब असा:

```
1 + (m − 1) × ρ
```

इथे `m` म्हणजे एका गावातले शेतकरी आणि `ρ` म्हणजे गावांतर्गत साम्य. उदाहरणादाखल साम्य ०.०५ धरलं तर १ + १९ × ०.०५ = १.९५. गावांपलीकडे, तालुक्यांबद्दल बोलायचं झालं तर तुमचे २४० शेतकरी साधारण १२३ सुट्या शेतकऱ्यांइतकेच वजनदार ठरतात.

घाबरून जाऊ नका, यात प्रबंध पडत नाही. पण याचं उत्तर प्रबंधात नाही, आणि ते आहे असं भासवलंत तर मात्र पंचाईत. दोन गोष्टी करा. तुमची कच्ची माहिती तुमच्याकडेच आहे, गावनिहाय अवलंबाचे आकडे एका कागदावर मांडा. १२ गावांत सात-आठ च्या आसपास सारखेच आकडे येत असतील तर साम्य कमी आहे. पाच गावांत १५-१५ आणि उरलेल्या सात गावांत एक-दोन असं दिसलं तर साम्य जास्त, आणि तुमचा निष्कर्ष मुख्यतः त्या पाच गावांचा आहे. हे तुम्हालाच आधी कळलेलं बरं. दुसरं, उत्तर प्रामाणिक लिहा: ‘सूत्र १२ गावांतल्या ६०० उत्पादकांसाठी वापरलं. गावांचे समूह असल्याचा परिणाम प्रबंधात धरलेला नाही. पान २०३ वर निष्कर्ष तीन तालुक्यांपुरते मर्यादित केले आहेत, पण गावांतल्या साम्यामुळे तिथेही ते सावधपणे वाचावेत. प्रबंध सादर केल्यानंतर गावनिहाय आकडे पाहिले, ते असे आहेत.’ शेवटच्या वाक्यातलं ‘प्रबंध सादर केल्यानंतर’ गाळू नका. नंतर केलेलं काम आधीचं म्हणून सांगणं पकडलं जातं, कारण प्रबंध त्यांच्या हातात असतो.

आता एक अप्रिय गोष्ट. गोषवाऱ्यात तुम्ही लिहिलंय, ‘३८ टक्के शेतकरी अवलंब करतात.’ तक्ता ४.६ मध्ये ८७ भागिले २४०, म्हणजे ३६.२५. मी कागद घेऊन बसले. पान ७० वर म्हटलंय की ११ प्रश्नावल्या आधी अपूर्ण होत्या आणि पुन्हा गावी जाऊन पूर्ण केल्या. ८७ भागिले २२९ करा, ३७.९९, म्हणजे ३८ च येतात. माझा अंदाज असा की गोषवारा त्या ११ प्रश्नावल्या बाहेर असतानाच्या जुन्या मसुद्यावरून लिहिला गेला आणि तसाच राहिला. खात्री तुम्ही करा. (आणि ते ११ जण भरल्यावरही अवलंब करणारे ८७ च राहिले, म्हणजे त्या अकरांत एकही नव्हता. हाही एक प्रश्न आहे, यादीत घाला.)

यादी नीट केली की असं काहीतरी सापडतंच. जवळपास प्रत्येक प्रबंधात ते असतं. सापडल्यावर लपवायचं नाही आणि रात्रभर तळमळायचंही नाही. एका पानाचं शुद्धिपत्र करा: पान, ओळ, छापलेलं, हवं असलेलं. आधी मार्गदर्शकांना दाखवा, त्यांनाही त्या दिवशी धक्का बसायला नको. मग सादरीकरणाच्या सुरुवातीला एका वाक्यात सांगून परीक्षकांच्या हाती द्या. तेच त्यांनी काढलं तर चूक, तुम्ही दिलं तर दुरुस्ती. म्हणून यादी करताना एक संध्याकाळ फक्त आकड्यांना द्या. गोषवारा, चौथं प्रकरण आणि निष्कर्ष शेजारी ठेवून एकच आकडा तिन्हीकडे तपासत जा.

विषयाच्या आजूबाजूचे प्रश्न चार-पाच येतील. बीटी असताना सापळे कशाला, हा तर येणारच. त्यालाही तीन वाक्यं पुरतात: आपल्याकडे बीटी कापूस २००२ मध्ये आला, दोन जनुकांचं वाण २००६ मध्ये, आणि पुढे गुलाबी बोंडअळीत दोन्हींविरुद्ध प्रतिकार तयार झाला. २०१७ च्या हंगामात यवतमाळनं काय भोगलं ते तुमच्या पहिल्या प्रकरणात आहेच. यापलीकडे कीटकशास्त्रात शिरू नका. ‘माझा अभ्यास निर्णयाच्या अर्थशास्त्राचा आहे, किडीच्या जीवशास्त्राचा नाही’ एवढं म्हणून थांबणं हेही उत्तरच आहे.

वऱ्हाडीचं म्हणाल तर तुमची काळजी चुकीच्या जागी आहे. ‘पाह्यलं’ म्हटल्याने कोणाचे गुण गेलेले मी पाहिले नाहीत. पण तुमच्या लिहिण्यात ‘वापर’, ‘अवलंब’ आणि ‘स्वीकार’ हे शब्द एकमेकांच्या जागी येतात. १५२ जणांनी वापर केला आणि ८७ जणांनी अवलंब केला, हा तर तुमचा शोध आहे! बोलताना ‘१५२ जणांनी अवलंब केला’ असं एकदा तोंडून गेलं की वरची सगळी मांडणी ढासळली. यादीच्या पहिल्या पानावर असे पाच-सहा शब्द अर्थासह लिहा आणि उत्तरांत तेच वापरा. बाकी वाक्य घरच्या बोलीत आलं तरी येऊ द्या.

सरावाला सहकाऱ्यापेक्षा घरातला, कापूस पिकवणारा माणूस घ्या. सहकारी भिडेखातर मान डोलावतो. भावाच्या हातात चिठ्ठ्या द्या, क्रम मोडून विचारायला सांगा, आणि उत्तर समजलं नाही तर ‘म्हंजे?’ म्हणायची मुभा द्या. दोनदा ‘म्हंजे?’ आलं तर ते उत्तर पुन्हा लिहा. एकच प्रश्न तीन वेगळ्या शब्दांत विचारायलाही सांगा. सभागृहात तुमच्या यादीतलं वाक्य कोणी जसंच्या तसं बोलणार नाही, आणि पाठांतर तिथेच फसतं. उत्तरातला आकडा, पान आणि कारण लक्षात ठेवा, वाक्य त्या वेळी आपोआप जुळतं.

यादी व्यासपीठावर नेऊ नका, प्रबंध न्या. पान ६१, ११८, १२१ आणि २०३ ला रंगीत चिकटपट्ट्या लावा, बाहेर आलेल्या टोकावर एकेक शब्द लिहा: ‘अटी’, ‘उतरंड’, ‘जी’, ‘मर्यादा’. प्रश्न आला की पान उघडा, बोट ठेवा आणि मग बोला. पान उलटायला लागणाऱ्या चार सेकंदांत अडखळणंही बरंचसं निघून जातं. आणि त्या ११ प्रश्नावल्यांचा गठ्ठा कुठल्या खोक्यात आहे ते आजच शोधून ठेवा.